सॅली कुठं शोधेल?

एक बाहुली आहे, तिचं नाव सॅली. तिच्याकडं एक टोपली आहे. दुसरी बाहुली ॲन, तिच्याकडं एक खोका आहे. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवते आणि बाहेर जाते. ती गेल्यावर ॲन ती गोटी टोपलीतून काढते आणि आपल्या खोक्यात टाकते. थोड्या वेळानं सॅली परत येते. तिला गोटीशी खेळायचंय. ती गोटी कुठं शोधेल?

टोपलीत, असं तुम्ही प्रश्न संपायच्या आतच म्हणून मोकळे झाला असाल. पण तेवढ्यात तुम्ही काय केलंत ते बघा. गोटी खोक्यात आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. उत्तर देताना तुम्ही स्वतःची ही खरी माहिती बाजूला ठेवलीत आणि सॅलीकडं असलेली जुनी, आता खोटी झालेली माहिती वापरलीत. आमच्या धंद्यात याला कॅश शिळी होणं म्हणतात. सर्व्हरवर माहिती बदलते, पण तुमच्या फोनमध्ये साठलेली प्रत जुनीच राहते, आणि ॲप त्या जुन्या प्रतीवर विसंबून चालत राहतं. सॅलीच्या डोक्यातली प्रत शिळी आहे. ती शिळी आहे हे ओळखून, तिच्या चुकीच्या समजावरून ती काय करील याचा अंदाज बांधणं, एवढीच ही परीक्षा. तीन वर्षांचं मूल त्यात साधारणपणे नापास होतं आणि बिनदिक्कत खोका दाखवतं. पाच वर्षांचं मूल सहसा पास होतं.

हा खेळ मला माहीत झाला तो माझ्या पुतण्यामुळं. तो नऊ वर्षांचा आहे, केज तालुक्यात आमच्या घरी राहतो, कमी बोलतो. त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे. मोठ्या शहरातल्या एका केंद्रानं दिलेल्या त्याच्या रिपोर्टमध्ये इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ असा : थिअरी ऑफ माइंड नाही, सॅली-ॲन चाचणीत नापास. वहिनीनं मला पुण्यात फोन करून विचारलं, "भावजी, हे माइंड नाही म्हणजे काय? मन नाही का त्याला?" शाळेतल्या बाईंनी तर त्या ओळीचा अर्थ परस्पर लावून टाकला होता : याला दुसऱ्याच्या भावना कळत नाहीत, तर इतर मुलांच्या गटात बसवून उपयोग काय. त्याची जागा वर्गात मागं, एकट्याची झाली. ती ओळ कुठून आली ते मी तेव्हापासून वाचत गेलो.

सुरुवात मुलांपासून झालीच नाही. ती एका चिंपांझीपासून झाली. १९७८ साली अमेरिकेत डेव्हिड प्रेमॅक आणि गाय वुड्रफ यांनी एक लेख लिहिला. चिंपांझीला थिअरी ऑफ माइंड असते का, असा त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता. थिअरी ऑफ माइंड हा शब्द तिथूनच रूढ झाला. त्याचा अर्थ 'मन असणं' असा नाही. दुसऱ्याला काहीतरी हवंय, दुसऱ्याला काहीतरी वाटतंय, असं धरून त्याच्या वागण्याचा अंदाज बांधता येणं, असा आहे. (वहिनीला पहिल्यांदा हेच सांगितलं.) प्रेमॅक आणि वुड्रफ यांच्याकडं सारा नावाची प्रौढ चिंपांझी मादी होती. तिला ते अडचणीत सापडलेल्या माणसाचे व्हिडिओ दाखवत. केळी हाताला पोचत नाहीत, किंवा माणूस पिंजऱ्यात अडकलाय. मग तिच्यापुढं फोटो ठेवत, आणि अडचण सोडवणारा फोटो सारा बहुतेक वेळा बरोबर निवडायची. लेखकांचं म्हणणं असं की त्या माणसाला काय हवंय हे तिला कळलं.

त्याच नियतकालिकात या लेखावर इतरांची टिपणं छापली गेली, आणि माझ्या मते खरी गंमत त्या टिपणांमध्ये आहे. डॅनिएल डेनेट, जोनाथन बेनेट आणि गिल्बर्ट हारमन या तीन तत्त्वज्ञांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच अडचण दाखवली. साराला माणसाच्या मनातलं कळलं असेलही. पण केळी उंचावर असतील तर काठी लागते, एवढं जगाबद्दलचं ज्ञानही तिला पुरलं असतं. जोवर त्या माणसाची समजूत खरी आहे तोवर 'त्याला काय वाटतं' आणि 'खरं काय आहे' या दोन्हींवरून उत्तर एकच येतं. मग उत्तर देणाऱ्यानं कुठला रस्ता घेतला हे बाहेरून ओळखता येत नाही. दोन्ही रस्ते वेगळे पाडायचे असतील तर ज्याच्याबद्दल विचारायचं त्याची समजूत चुकीची असली पाहिजे. डेनेटनं उदाहरण दिलं ते विलायती बाहुल्यांच्या खेळाचं. पंच नावाचा बाहुला पेटी कड्यावरून ढकलायला निघतो, जूडी आत आहे असं त्याला वाटतंय. ती आत नाही हे समोर बसलेल्या पोरांना ठाऊक असतं, म्हणून तर ती आनंदानं किंचाळतात. आपल्याकडं वगात राजा वेश पालटून येतो आणि शिपाई त्यालाच दरडावतो, तेव्हा पटांगणात जो हशा उठतो तो याच जातीचा. शिपायाला काय माहीत नाही, ते आपल्याला माहीत असतं.

मला हा युक्तिवाद फार आवडतो, कारण चांगली टेस्ट लिहिताना हेच करावं लागतं. कोड बरोबर असताना आणि चुकीचा असतानाही जी टेस्ट हिरवी दिसते, ती असून नसून सारखी. दोन शक्यता जिथं वेगळी उत्तरं देतील अशी जागा शोधावी लागते. चुकीची समजूत ही ती जागा.

ती जागा पहिल्यांदा नीट वापरली ऑस्ट्रियात साल्झबर्ग विद्यापीठातल्या हाइन्झ विमर आणि योसेफ पर्नर यांनी, १९८३ साली. त्यांच्या गोष्टीत मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट निळ्या कपाटात ठेवून खेळायला जातो. आई त्यातलं थोडं केकसाठी घेते आणि उरलेलं हिरव्या कपाटात ठेवते. मॅक्सी भुकेला होऊन परत येतो. कुठलं कपाट? तीन ते चार वर्षांच्या मुलांपैकी एकानंही निळं कपाट दाखवलं नाही. चार ते सहा वयोगटात ५७ टक्क्यांनी दाखवलं, सहा ते नऊमध्ये ८६ टक्क्यांनी.

इथून गोष्ट लंडनला येते. तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या एका संशोधन केंद्रात उटा फ्रिथ ऑटिझमवर काम करत होत्या, ॲलन लेस्ली लहान मुलांच्या लुटुपुटीच्या खेळांवर, आणि सायमन बॅरन-कोहेन हा त्यांचा तरुण विद्यार्थी होता. ऑटिझम असलेली मुलं भातुकलीसारखे लुटुपुटीचे खेळ कमी खेळतात, हे आधीपासून दिसत होतं. लेस्लीचा अंदाज असा होता की केळ्याला फोन म्हणून कानाला लावणं आणि 'तिला असं वाटतंय' हे समजणं, या दोन्हीला आत एकच यंत्रणा लागते. खरी वस्तुस्थिती न बिघडवता तिच्याहून वेगळी एक प्रत मनात धरायची. एक जमत नसेल तर दुसरंही अडायला हवं. हे तपासायला त्यांनी मॅक्सीची गोष्ट सोपी करून बाहुल्यांवर आणली. सॅली आणि ॲन तिथं जन्मल्या.

१९८५ च्या त्या अभ्यासात मुलांचे तीन गट होते. ऑटिझम असलेली २०, डाऊन सिंड्रोम असलेली १४, आणि या दोन्हींपैकी काहीच नसलेली २७ लहान मुलं. हे गट कसे निवडले त्यात सगळं कौशल्य आहे. ऑटिझमच्या गटाचं सरासरी वय जवळपास बारा वर्षं होतं आणि त्यांची भाषेची समज साधारण साडेपाच वर्षांच्या मुलाइतकी होती. डाऊन सिंड्रोमच्या मुलांचं वय जवळपास अकरा, पण भाषेची समज तीन वर्षांच्या मुलापेक्षाही किंचित कमी. तिसऱ्या गटातली मुलं सरासरी साडेचार वर्षांची. म्हणजे ऑटिझमचा गट भाषेत आणि बुद्धीच्या इतर मोजमापांत बाकी दोघांच्या पुढं होता. तो तरीही मागं पडला तर 'बुद्धी कमी म्हणून' असं कुणाला म्हणता येऊ नये, यासाठी ही रचना.

प्रश्नही एकच नव्हता. आधी कुठली बाहुली सॅली आणि कुठली ॲन हे मुलाला ओळखता येतं का ते बघितलं. मग गोष्ट दाखवून तीन प्रश्न. सॅली गोटी कुठं शोधेल? गोटी खरोखर कुठं आहे? सुरुवातीला कुठं होती? शेवटचे दोन प्रश्न राखणदार आहेत. मुलानं गोष्ट बघितली का, ती त्याच्या लक्षात राहिली का, हे ते सांगतात. तिथं मूल चुकलं तर पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला काही किंमत उरत नाही. हा खेळ दोनदा झाला, आणि दुसऱ्या खेपेला गोटी खोक्यात न जाता प्रयोग करणाऱ्याच्या खिशात गेली. आता जागा तीन झाल्या, म्हणजे नुसतं अंदाजानं बोट दाखवून पास होणं अवघड झालं.

राखणदार प्रश्नांत तिन्ही गट पास झाले. सॅलीच्या प्रश्नात २७ पैकी २३ लहान मुलं आणि डाऊन सिंड्रोमच्या १४ पैकी १२ मुलं दोन्ही वेळा पास झाली. ऑटिझमच्या २० पैकी फक्त ४. नापास झालेल्या १६ मुलांनी भलतीसलती जागा दाखवली नाही. सोळाच्या सोळा जणांनी गोटी खरोखर जिथं होती तीच जागा दाखवली.

मला हा शेवटचा तपशील सगळ्यात बोलका वाटतो. ही मुलं गोंधळलेली नव्हती, त्यांचं लक्षही होतं. त्यांनी जगाबद्दलचं खरं उत्तर दिलं. फक्त ते सॅलीचं उत्तर नव्हतं.

लवकरच आणखी एक प्रयोग आला आणि त्यानं या निष्कर्षाला धार आली. कुणाला वाटेल की जुनी आणि नवी अशा दोन प्रती डोक्यात धरणंच या मुलांना जड जात असेल. ते तपासायला फोटो वापरला. झटपट फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यानं बाहुलीचा फोटो काढायचा, फोटो पालथा ठेवायचा, बाहुली दुसरीकडं हलवायची, आणि विचारायचं की फोटोत बाहुली कुठं आहे. फोटोही शिळी प्रतच. ऑटिझम असलेली बहुतेक मुलं इथं पास झाली, आणि तीच मुलं सॅलीच्या जातीच्या प्रश्नात अडली. १९९१ आणि १९९२ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी हे दाखवलं. म्हणजे अडचण प्रत शिळी असण्याची नव्हती. ती प्रत माणसाच्या डोक्यात आहे, याची होती.

इथपर्यंत काम चोख आहे. पुढं बॅरन-कोहेन यांनी १९९५ मध्ये पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'माइंडब्लाइंडनेस', मनाचं आंधळेपण. शब्द आकर्षक, लक्षात राहणारा. पण वीस मुलांच्या अभ्यासात चार पास झाली होती, ती या शब्दात मावत नाहीत. आंधळा माणूस पाचात एकदा बघत नसतो. वीस मुलांच्या एका गटात काय दिसलं, इथपासून एका मुलाच्या कागदावर 'नाही' असा शिक्का मारण्यापर्यंतचा उतार या शब्दानं फार गुळगुळीत केला, असं माझं मत आहे.

त्याच वर्षी, १९९५ मध्येच, दोन अभ्यास छापले गेले, आणि ते त्या पुस्तकाइतके वाचले गेले असते तर बरं झालं असतं.

पहिला फ्रान्सेस्का हापे यांचा. त्यांनी भाषेची समज आणि या चाचणीतलं यश यांचा ताळा मांडला. ऑटिझम नसलेलं मूल भाषेच्या समजेनं चार वर्षांच्या पातळीवर आलं की पास होण्याची शक्यता अर्धीअर्धी होते. ऑटिझम असलेल्या मुलाला तीच अर्धी शक्यता गाठायला भाषेची पातळी नऊ वर्षं दोन महिन्यांची लागली. म्हणजे दार बंद नव्हतं. उंबरठा मात्र फार उंच होता, आणि तो भाषेच्या मापात मोजता येत होता.

दुसरा ऑस्ट्रेलियातल्या कँडिडा पीटरसन आणि मायकल सीगल यांचा. त्यांनी सॅलीची गोष्ट कर्णबधिर मुलांना खुणांच्या भाषेत विचारली. ही मुलं आठ ते तेरा वर्षांची, हुशार होती, आणि त्यांचे आईवडील ऐकू येणारे होते. बहुतेक जण नापास झाले. नंतरच्या कामात आणखी एक गोष्ट समोर आली. ज्या कर्णबधिर मुलांचे आईवडीलही कर्णबधिर, म्हणजे ज्यांच्या घरात पहिल्या दिवसापासून खुणांची भाषा चालते, ती मुलं इतरांच्या बरोबरीनं पास होतात. दोन्हीकडं कान सारखेच बंद. फरक घरातल्या गप्पांचा. 'आजीला वाटलं तू झोपलास', 'बाबांना माहीतच नव्हतं पाहुणे येणारेत', असली वाक्यं ऐकू येणाऱ्या मुलावर दिवसभर पडत असतात. कर्णबधिर मुलाच्या आईला खुणांची भाषा येत नसेल तर ती 'जेव', 'ये', 'नको' एवढं हातानं सांगू शकते. 'त्याला वाटलं' हे हातवाऱ्यानं कसं सांगणार? मनाबद्दल बोलणं कानावर किंवा डोळ्यांवर पडलंच नाही, तर सॅलीच्या डोक्यातली प्रत ओळखायला उशीर होतो. त्यासाठी ऑटिझम असावाच लागतो असं नाही.

यावरून ऑटिझमची अडचणही निव्वळ भाषेची आहे असं सिद्ध होत नाही. फोटोचा प्रयोग अजून उभाच आहे. पण नापास होण्याचे रस्ते एकाहून जास्त आहेत एवढं नक्की, आणि फक्त 'नापास' हा शब्द वाचून मूल कुठल्या रस्त्यानं आलं ते कळत नाही.

भाषेचा मुद्दा डोक्यात घेऊन मी दिवाळीत गावी गेलो. पुतण्याच्या रिपोर्टमध्ये प्रश्न कुठल्या भाषेत विचारला, राखणदार प्रश्न विचारले का, त्यांची उत्तरं काय होती, यातलं काही नव्हतं. टेस्ट फेल झाली आणि लॉगच नाही, अशी अवस्था. वहिनी त्या वेळी खोलीबाहेर बसली होती, त्यामुळं तिलाही काही सांगता येईना.

मराठीत हा प्रश्न विचारायला बसलं की गंमत कळते. 'सॅली गोटी कुठे शोधेल' हे पुस्तकी वाक्य. आमच्या घरात शोधत कुणी नाही, हुडकतात. 'कुठं बघंल' म्हणावं तर मूल त्याचा अर्थ 'तिची नजर कुठं जाईल' असाही घेऊ शकतं. शिवाय लहान मुलाला 'कुठं हुडकील' म्हणजे 'कुठं हुडकायला पाहिजे' असंही वाटू शकतं. मग ते मदतीच्या भावनेनं खरी जागा दाखवतं. सीगल यांनीच १९९१ मध्ये केली बीटी यांच्याबरोबर हे तपासलं होतं. प्रश्नात 'आधी' एवढा एकच शब्द घातला, ती 'आधी' कुठं शोधेल असं विचारलं, की तीन वर्षांची मुलंही बरीच जास्त पास झाली. 'आधी' म्हटलं की पहिल्या खेपेला मिळणार नाही अशी शक्यता मुलाला सुचते.

(जाता जाता : इंग्रजीत ज्याला फॉल्स बिलीफ असा दोन शब्दांचा मोळा बांधावा लागतो, त्याला मराठीत गैरसमज हा रोजचा शब्द आहे. पण तो आता भांडणापुरता उरलाय. 'सॅलीचा गैरसमज झालाय' म्हटलं तर ॲननं तिची चहाडी केली असं वाटतं. त्यापेक्षा 'तिला वाटतंय' बरं.)

मी ओट्यावर मांडामांड केली. भाचीच्या दोन बाहुल्या, भाकरीची टोपली, एक स्टीलचा डबा, आणि गोटीऐवजी चिंचोका. बाहुल्यांना घरातल्या कुणाची नावं मुद्दाम दिली नाहीत, कारण पुतण्याला त्या खऱ्या माणसाच्या सवयीवरून उत्तर सुचलं असतं. घरी असं केल्यानं निदान होत नाही हे मला माहीत होतं. मला फक्त प्रश्न कसा वागतो ते बघायचं होतं.

आधी शेजारची साडेतीन वर्षांची मुलगी बसली. "ही आता चिंचोका कुठं हुडकील?" तिनं डबा दाखवला. चिंचोका खरंच कुठंय, आधी कुठं होता, ही दोन्ही उत्तरं बरोबर. थोड्या वेळानं, जागा बदलून, "ही आधी कुठं हुडकील?" आता तिनं टोपली दाखवली आणि हसली. एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, पण सीगल यांचा लेख वाचलेल्या माणसाला बरं वाटायला तेवढं पुरलं.

मग पुतण्या. त्यानं सगळं शांतपणे बघितलं. चिंचोका खरोखर कुठंय, बरोबर. सुरुवातीला कुठं होता, बरोबर. ही कुठं हुडकील, डबा. आधी कुठं हुडकील, तरी डबाच. चिंचोका माझ्या खिशात टाकला तर त्यानं सरळ माझ्या खिशाकडं बोट केलं. आमच्या बोलीत, घरच्या ओट्यावर, राखणदार प्रश्नांसकट, तो नापास झाला. तो पास व्हावा असं मला मनापासून वाटत होतं. पण १९९९ मध्ये लुका सुरियन आणि लेस्ली यांना हेच दिसलं होतं. 'आधी' या शब्दानं तीन वर्षांच्या मुलांना मदत झाली, ऑटिझम असलेल्या मुलांना झाली नाही. तेव्हा त्या केंद्रानं दिलेलं उत्तर चूक होतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी उत्तरावरून जे वाक्य लिहिलं, त्याबद्दल माझं भांडण आहे.

कारण ही चाचणी निदानासाठी बनलेलीच नाही. काही ऑटिझम असलेली मुलं पास होतात, ऑटिझम नसलेली काही नापास होतात, आणि चार वर्षांखालचं मूल कुठलंही असो, त्याच्या नापास होण्याला काहीच अर्थ नसतो. दोन गटांमधला फरक शोधायला असलं साधन उत्तम, एका मुलावर शिक्का मारायला निरुपयोगी. आपल्याकडं ऑटिझमच्या प्रमाणपत्रासाठी इसा नावाची मोजणी वापरतात. तिच्यात ४० बाबी आहेत, प्रत्येकीला १ ते ५ गुण, आणि एकूण ७० किंवा जास्त आले तर ऑटिझम धरतात. नजरेला नजर देणं, बोलणं, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणं, अशा रोजच्या वागण्याची ती नोंद आहे. सॅलीची गोटी त्यात कुठंच नाही.

शाळेतल्या बाईंनी त्या ओळीतून भावनांबद्दल जे काढलं त्याला तर काहीच आधार नाही. सॅली उदास आहे का, असं कुणी विचारलंच नव्हतं. गोटीची जागा विचारली होती. डॅमियन मिल्टन हे स्वतः ऑटिझम असलेले इंग्लंडमधले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ मध्ये या सगळ्या इतिहासाला एक साधा प्रतिप्रश्न केला : ऑटिझम असलेल्या माणसाला इतरांचं मन वाचता येत नाही म्हणता, पण इतरांना त्याचं वाचता येतं का? न समजणं दोन्ही बाजूंनी असताना चाचणी मात्र एकाच बाजूची झाली. बाईंसाठी तशी चाचणी कुणी काढली तर मला निकाल बघायला आवडेल.

वहिनीनं मग मला एक गोष्ट सांगितली. संध्याकाळी मोठी बहीण शाळेतून यायच्या वेळेला पुतण्या मोबाइलचा चार्जर काढून पिठाच्या डब्यामागं ठेवतो. ती घरात नसते तेव्हाच. आली की ती नेहमीच्या बोर्डाजवळ बघते, सापडत नाही, आरडाओरडा करते. तो बाजूला बसून असतो. "आता हे दुसऱ्याचं मन न कळणाऱ्याचं काम आहे का?" वहिनी म्हणाली.

मी लगेच हो म्हणणार होतो, पण १९७८ च्या त्या तीन तत्त्वज्ञांचा आक्षेप इथंही तसाच लागतो. ती बोर्डाजवळ बघील कारण चार्जर तिथंच आहे असं तिला वाटतंय, असं तो धरत असेल. किंवा पिठाच्या डब्यामागं ठेवलं की चार्जर आपल्याकडं राहतो, एवढा अनुभवाचा नियम त्याला पुरत असेल. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आणि खरं सांगायचं तर ऑफिसात कुणाचा चार्जर लपवताना मी यातलं काय करतो, हेही मला नक्की सांगता येणार नाही.

वहिनीनं केंद्राला पत्र लिहिलं, मराठीत. मागणी एवढीच की त्या ओळीच्या जागी कुठला प्रश्न, कुठल्या भाषेत, किती वेळा विचारला आणि मुलानं काय उत्तर दिलं ते लिहून द्यावं. पत्राची एक प्रत शाळेत दिली. दरम्यान चार्जरची जागा बहिणीला सापडली. दुसऱ्या दिवशी तो पिठाच्या डब्यामागं नव्हता. दोन दिवसांनी आईला धुण्याच्या बादलीखाली मिळाला.